बारा मालक आणि तेरावी ओळ

आशालता कोपरकर भेंडीसुद्धा पट्टी लावून चिरत असणार, असं त्यांच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. ऑफिस म्हणजे पनवेलला लाईन आळीत, एका औषधांच्या दुकानाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. मालक सत्यजीत धारप, खासगी मोजणीदार. आशालताबाई त्यांच्याकडे नकाशे काढायच्या. सोळा वर्षं तेच काम, तीच खुर्ची आणि खुर्चीवर घरून आणलेली तीच उशी. पेन्सिलीला टोक काढायला यंत्र होतं, पण बाईंचा विश्वास ब्लेडवर. टोक कसं, डास चावल्यासारखं टोचलं पाहिजे. त्यांच्या रेघेला नाव ठेवणारा माणूस अजून जन्मायचा होता, आणि त्यांच्या जिभेला नाव ठेवण्याची कुणाची हिंमत नव्हती.

एक्क्याण्णव सालच्या हिवाळ्यात धारपांना मोठं काम मिळालं. आपट्याच्या अलीकडे उंबरखोल नावाचं एक लहानसं गाव आहे. मुंबईच्या बँकवाल्यांनी एक गृहरचना संस्था काढून तिथे बंगल्यांसाठी रस्त्यालगतची जमीन घेतली होती. संस्थेचे सेक्रेटरी गुरुदत्त कारखानीस. तिथून पूर्वेला ओढ्यापर्यंत बारा मालकांच्या जमिनी ओळीने लागून, एकाची हद्द दुसऱ्याला टेकलेली. कुंपण घालण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. जुन्या मोजणीप्रमाणे कुणाची हद्द कुठे, आज प्रत्यक्षात कोण कुठवर कसतोय, आणि कुणी कुणाचं किती दाबलंय याची मालकवार यादी. यादी मिळाली की वकील नोटिसा काढणार होता.

काम ऐकायला अवघड, करायला नुसतं किचकट. आपल्या जुन्या मोजणीचं माप साखळीचं. एक साखळी म्हणजे तेहेतीस फूट, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि गुंठ्याचेही सोळा आणेच. आशालताबाईंनी जुन्या टिपणांवरची, म्हणजे मोजणीखात्याच्या हातनकाशांवरची, साखळ्या-आण्यांची मापं मीटरमध्ये आणली आणि बाराही मालकांचे सर्व्हे नंबर एका कागदावर उतरवले. जमिनीवरचा एक मीटर म्हणजे कागदावर एक मिलिमीटर. धारपांनी गावात आठ दिवस फिरून आजच्या बांधांची मोजणी केली होती, तीही त्याच प्रमाणात ट्रेसिंग कागदावर आली. मग काचेचं टेबल. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर जुना कागद, त्यावर नवा. दोन्ही कागद नीट बसवले की जिथे जुनी नि नवी रेघ एकमेकींना सोडतात, तिथे मधल्या पट्टीत लाल पेन्सिल फिरवायची. त्यावर बारीक चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा आणि चौकटी मोजायच्या. एक मिलिमीटरची चौकट म्हणजे एक चौरस मीटर.

पण दोन कागद एकमेकांवर बसवायला काहीतरी ओळखीची खूण लागते, जी तेव्हाही होती आणि आजही आहे. उंबरखोलच्या जुन्या हद्दीच्या दगडांपैकी बहुतेक केव्हाच कुणाच्या पायऱ्यांना नाहीतर गोठ्याला लागले होते. पश्चिमेच्या शिवेवरचा एकच उरला होता, कारण गावाने त्याला शेंदूर फासून म्हसोबा केलं होतं. धारपांनी मोजणीआधी रीतीप्रमाणे त्याच्यापुढे नारळ फोडला, तोच दगड खूण म्हणून धरला, होकायंत्राने दिशा घेतली आणि मोकळे झाले.

"माणसं बांध सरकवतात, बाई," ते म्हणाले. "देवाला हात कोण लावतंय?"

दोन दिवसांत टेबलावरचा कागद लालेलाल झाला. बाराच्या बारा मालकांनी शेजाऱ्याची जमीन दाबलेली! संस्थेच्या जमिनीवर जिने अतिक्रमण केलं होतं ती कृष्णाबाई, लगतची पूर्वेकडची शेजारीण. आठशे शहाण्णव चौरस मीटर. नऊ गुंठ्यांना थोडे कमी. नुसती शेतजमीन असती तर एक वेळ ठीक, पण त्या लाल पट्टीत तिचं दोन खोल्यांचं घर पुरतं बसत होतं. मोजणीच्या माणसांनी लगेच गावात जाऊन ओट्यावर लाल रंगाची फुलीसुद्धा मारली.

आशालताबाई यादी करायला बसल्या. मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, जुनं क्षेत्र, आजची वहिवाट, कुणाचं दाबलं, किती. कृष्णाबाईने संस्थेचं आठशे शहाण्णव. तुळशीरामने कृष्णाबाईचं सातशे बावन्न. तुळशीरामचं पुढच्याने, त्याचं त्याच्या पुढच्याने. असं करत ओळ शेवटच्या शिवाकडे आली. शिवाने त्याच्या पश्चिमेच्या शेजाऱ्याचं अकराशे चौतीस घेतलं होतं. मग शिवाचं कुणी घेतलं? त्याच्या पूर्वेला तर ओढा. आणि जुनी हद्द सरळ ओढ्याच्या पाण्यात उभी.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओढा तिथेच, हद्द पाण्यात. हे काही जुन्या काळच्या मोजणीदाराचं काम वाटेना. पाण्यात साखळी धरायला तो काय बेडूक होता?

त्यांनी रफ कागद ओढला. प्रत्येक मालकाचं दाबलेलं क्षेत्र घेतलं आणि त्याला त्या बांधाच्या लांबीने भागलं. कृष्णाबाईचा बांध एकशे बारा मीटर. आठशे शहाण्णव भागिले एकशे बारा, आठ. तुळशीरामचा पंच्याण्णव मीटर, उत्तर सात पूर्णांक नऊ. शिवाचा एकशे चाळीस, उत्तर आठ पूर्णांक एक. बाराही जणांचं उत्तर आठाच्या आगेमागे आणि सगळ्यांची दिशा पश्चिम. पट्ट्यांची क्षेत्रं वेगवेगळी दिसत होती ती नुसती बांधांच्या लांबीमुळे.

आशालताबाईंना हसूच फुटलं. माणसं जमीन चोरतात, त्यात नवल नाही. सख्खे भाऊ चोरतात. पण कुणी हातभर, कुणी वीतभर, कुणी इकडे, कुणी तिकडे. अख्खं गाव एका दिशेला, एकाच मापाने, एकमेकांना न विचारता चोरी करील? मुंबईच्या बँकेत तरी इतकी शिस्त असते का?

"धारपसाहेब," त्या म्हणाल्या, "गाव सरकलेलं नाही. आपला कागद सरकलाय."

धारप चहा पीत होते. त्यांनी यादी पाहिली, भागाकार पाहिले, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. पण मालकाचा चेहरा नोकरासमोर फार वेळ उतरून चालत नाही.

"दगडावर बसवलंय, बाई. दगड टिपणात आहे. शनिवारी कारखानीस यादी न्यायला येणार. तुम्ही आपलं ट्रेसिंग बघा."

"ट्रेसिंगच बघतेय," बाई म्हणाल्या. "उद्या माझी रजा."

नोटीस एकदा निघाली की ती मागे घ्यायला कोर्टात दहा वर्षं लागतात, हे त्यांना सोळा वर्षांत पाठ झालं होतं. आणि घर पाडायला एक सकाळ पुरते. शुक्रवारी सकाळी त्यांनी डबा, टिपणाची नक्कल आणि ऑफिसचा तीस मीटरचा टेप पिशवीत टाकला, आणि आपट्याची एसटी पकडली.

कृष्णाबाईचं घर शोधावं लागलं नाही. लाल फुली लांबूनच दिसली. बाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. टेप बघताच तिचं डोकं फिरलं.

"आली गो परत मोजाया! आमचा घर काय पलून गेला? पाच वरसा झाली बांधून. तवा कुनी काय बोलला नाय."

"मोजायला नाही आले," आशालताबाई म्हणाल्या. "आमचीच मोजणी चुकली असं वाटतंय मला. ते बघायला आले."

कृष्णाबाईच्या हातातला वाल हातातच राहिला. मोजणीच्या ऑफिसातलं माणूस आपण होऊन ओट्यावर येतं आणि चुकलो म्हणतं, हे तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तिने आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा बांध कसा तसाच आहे, घर बांधताना बांधापासून तीन पावलं कशी मुद्दाम सोडली, हे सगळं तिने चहा होईपर्यंत दोनदा सांगितलं. सांगता सांगता डोळे पुसले.

"बाय, ह्या घर गेला तं मी माजी पोरा घेऊन जाव खं?"

आशालताबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी सरळ विचारलं, "तुमचा म्हसोबा पहिल्यापासून तिथेच आहे का?"

"म्हसोबा? नाय गो! देव त्या रस्त्याला व्हता. माज्या लग्नाच्या फुडल्या साली आत आनला."

सदुसष्ट साली रस्ता नवा झाला, तेव्हाची गोष्ट. ट्रक जाऊ लागले आणि पावसाळ्यात देवाच्या अंगावर चिखल उडू लागला. गावाला ते बघवेना. मग कौल लावला. दगडाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवीकडची आधी पडली तर देवाला आत यायचंय असं ठरलं. उजवीकडची पडली. कोंबडं कापलं, वाजंत्री लावली आणि देवाला उचलून उंबराखाली बसवलं. सगळा सोहळा विधिपूर्वक झाला, फक्त मोजणीखात्याला कुणी आमंत्रण दिलं नाही. आणि धारपांनी देवापुढे नारळ फोडला खरा, पण तुम्ही मूळचे कुठले, हे काही त्याला विचारलं नाही!

"आधीची जागा कुणाला माहीत असेल?"

"बुधाला ईचार. त्यानंच उचललेला. चौघं व्हते, तिघं मेले."

बुधा कातकरी. वय पन्नाशीच्या पुढचं, अंग सुकल्या फांदीसारखं. वीटभट्टी नसेल तेव्हा लोकांची लावणी, काढणी, कुंपण, जे मिळेल ते करायचा. प्रश्न ऐकल्यावर त्याने आठवायचं नाटक केलं नाही. रस्त्याच्या कडेला गेला आणि करंजाच्या एका जुन्या बुंध्याजवळ टाच टेकवली.

"हितं. ह्या मुळीत अडाकलेला. माजं बोट चेंगारलेलं." त्याने वाकडी करंगळी दाखवली.

माणसाची आठवण आणि वाकडी करंगळी, दोन्ही खरी असली तरी त्यावर नकाशा बसत नाही. आशालताबाईंनी टिपण उघडलं. शिवेच्या दगडापासून सरळ पूर्वेला, नऊ साखळ्या चार आण्यांवर एक विहीर दाखवली होती. धारपांना ती सापडली नव्हती. कृष्णाबाईने सांगितलं, विहीर तिच्याच जमिनीत, पण सासऱ्यांच्या वेळीच बुजलेली. करवंदीच्या जाळीत शिरून बुधाने कोयता चालवला आणि गोल कठड्याचे चार दगड वर आले.

आता बुंध्यापासून टेप. एक टोक बुधाच्या हातात, दुसरं बाईंच्या. तीस मीटर, खूण. साठ, खूण. नव्वद, खूण. आणि वर तीन मीटर दहा सेंटिमीटर. नऊ साखळ्या चार आणे म्हणजे त्र्याण्णव मीटर चार सेंटिमीटर. ऐंशी वर्षांपूर्वी कुणा अनोळखी माणसाने उन्हात धरलेली साखळी आणि बाईंचा टेप यांत सहा सेंटिमीटरचा फरक! उंबराखालच्या देवापासून मोजलं तर पंच्याऐंशी भरले. आठ मीटर आत आलेला देव पुराव्यासकट सापडला.

बाईंना नाचावंसं वाटलं. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने रस्त्याकडेला नाचू नये म्हणून त्या टेप गुंडाळत राहिल्या. गुंडाळता गुंडाळता त्यांची नजर करंजाच्या बुंध्याला लागून असलेल्या झोपडीवर गेली. कुडाच्या भिंती, वर गवत, दारात मडकं.

"हे कुणाचं?"

"माजंच," बुधा म्हणाला. "आधीच्या शेठनं बसवलेला, राखनीला. त्यानं जमीन इकली, मी हितंच."

बाई टेप गुंडाळायच्या थांबल्या. चुकीच्या कागदात ही रस्त्याकडची आठ मीटरची पट्टी कुणाचीच नव्हती, संस्थेची हद्द त्याच्या पुढे सुरू होत होती. कागद जागेवर आणला की हद्द पश्चिमेला सरकणार, कृष्णाबाईचं घर तिच्याच जमिनीत राहणार आणि बुधाची झोपडी संस्थेच्या जमिनीत येणार. त्यांनी गप्प राहायचा विचार केला, क्षणभरच. सोळा वर्षं सरळ रेघ मारलेल्या माणसाला वाकडं बोलता येत नाही.

"बुधादादा, दगड इथे होता असं मी लिहिलं, तर तुमचं घर संस्थेच्या जागेत येतं."

बुधाने झोपडीकडे पाहिलं, मग बुंध्याकडे.

"मंग? दगड तं हितंच व्हता."

परतीच्या एसटीत बाईंनी डबा उघडलाच नाही.

शनिवारी सकाळी सातला त्या ऑफिसात हजर. करंजाच्या बुंध्यावर कागद बसवला तशा रेघा रेघांवर अशा बसल्या की लाल पेन्सिलीला काम उरलं नाही. बारा मालकांची यादी पुन्हा लिहिली. अकरा जणांपुढे 'निरंक'. एकट्या तुळशीरामचा गोठा कृष्णाबाईच्या बांधात चौदा चौरस मीटर घुसला होता. तेवढं तर गावात चालतंच, त्यावर भांडायला होळी असते.

धारप आले, सगळं ऐकलं, आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. त्यांनी स्वतः काचेपाशी उभं राहून विहिरीची जागा तपासली आणि म्हणाले, "बाई, वाचवलंत." मग यादीच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे तेरावी ओळ होती. "हे काय? यादी मालकांची आहे. हा कुठे मालक आहे?"

"जुन्या नि नव्या कागदात जिथे फरक, तो दाखवायचा. हा फरक आहे."

"अहो, झोपडी ती. सोडून द्या. त्याचंही भलं होईल."

"सोडली तर जागा मोकळी दिसेल," आशालताबाईंचा आवाज चढला. "मोकळ्या जागेवर बुलडोझर फिरवताना कुणी कुणाला विचारत नाही. कागदावर माणूस असला तर निदान नोटीस तरी द्यावी लागते, त्याचं ऐकून तरी घ्यावं लागतं. त्याने खरं सांगितलं म्हणून तुमची अब्रू राहिली, साहेब. त्याला कागदावरून पुसायचं असेल तर रबर तुम्ही धरा. मी नाही धरणार."

धारपांनी रबर धरलं नाही. उलट त्यांनीच सुचवलं, वस्ती किती जुनी याचा जबाब गावातून घ्यावा. कृष्णाबाईने आणि तुळशीरामने तो दुसऱ्या दिवशी दिलाही, तिने अंगठा आणि त्याने सही करून. बुधा देव हलवायच्या आधीपासून तिथे राहतो, एवढंच.

अकरा वाजता कारखानीस आले. नोटीस काढण्याजोगं काही नाही, नुसता शेजाऱ्यांतला एक गोठा, हे बघून त्यांचा विरस झाला, पण रस्त्याकडची आठ मीटरची पट्टी आपली निघाली म्हटल्यावर ते खुलले. मग तेरावी ओळ वाचली आणि पुन्हा कोमेजले.

"हे काढता येणार नाही का?"

"झोपडी काढायचं तुम्ही आणि कोर्ट बघा," धारप म्हणाले. "नकाशातून नाही काढता येणार." आणि सही केली. सोळा वर्षांत आशालताबाईंना आपला मालक पहिल्यांदाच उंच वाटला.

संस्थेच्या सभेत त्यावर खूप गरम चर्चा झाली म्हणे. वकिलाने सांगितलं, वस्ती जुनी आहे, जबाबही झालाय, प्रकरण लांबेल. शेवटी कुंपण झोपडीला वळसा घालून गेलं, तूर्तास. हा 'तूर्तास' किती वर्षांचा, ते कुणी लिहून दिलं नाही.

कुंपण झाल्यावरच्या रविवारी आशालताबाई नकाशाच्या दोन छापील प्रती घेऊन उंबरखोलला गेल्या. कृष्णाबाईने ओट्यावरची फुली घासून घासून काढली होती. तिने बाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही, वर वालाची पिशवी दिली. मग त्या बुधाकडे गेल्या. तो दारात बसून कुडाला माती लावत होता. हात पुसून त्याने कागद उलटा धरला. बाईंनी सरळ करून दिला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. बुधा लखमा वाघमारे."

त्याने एक बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. "आमच्यात कुनाचं नाव आजून जमिनीच्या कागदाला लागलं नाय," तो म्हणाला. ते अतिक्रमण करणाऱ्यांच्या रकान्यात लागलंय, हे बाईंनी त्याला गावच्या साध्या शब्दांत समजावून सांगितलं. त्याने मान हलवली. समजलं होतं त्याला.

"मंग ह्यो फुडं काय लिवलाय?"

"जागा. तुमच्या घराखालची. गुंठ्याचे पाच आणे."

"पाच आणे." त्याने ते हळूच म्हणून बघितलं. मग वर पाहून विचारलं, "ते माजे?"

आशालताबाईंनी त्या आकड्यावर बोट टेकवलं.

"तुमच्या नावापुढे लिहिलेत," त्या म्हणाल्या.